ब्लू टिक आली, उत्तर नाही

गुरुवारी रात्री पावणेदहाची वेळ. नाशिकहून नोकरीसाठी पुण्याला आलेली एक तरुणी मैत्रिणीच्या खोलीवर पाहुणी म्हणून राहते आहे. फोनवर घरांच्या जाहिराती चाळताना तिला कोथरूडमधला एक टू बीएचके दिसतो. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार, थेट मालकाकडून. एजंटाला द्यावं लागणारं महिन्याभराचं भाडं वाचणार. ती लगेच ‘संपर्क साधा’ हे बटण दाबते आणि मिळालेल्या नंबरवर लिहिते : ‘हाय, फ्लॅट अव्हेलेबल आहे का?’

शुक्रवारी सकाळी निरोपापुढे दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचला गेलाय. उत्तर मात्र नाही. शनिवार जातो, रविवार उजाडतो. जाहिरात अजून तिथेच आहे, फोटोही तेच, त्या खिडकीबाहेरच्या गुलमोहरासकट. आता पुन्हा विचारावं का? विचारलं तर मागेच लागली असं वाटेल, आणि नाही विचारलं तर घर दुसऱ्याला जाईल. ही तरुणी काल्पनिक असली, तरी दर जूनमध्ये, कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की, पुण्यात असा पेच पडलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात.

या पेचाचं उत्तर शोधायचं तर आधी फोनच्या पलीकडे काय चाललंय ते पाहायला हवं.

समजा, तो फ्लॅट बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा आहे. स्वतः राहतात सहकारनगरला आणि हा दुसरा फ्लॅट भाड्याने देतात. जाहिरात त्यांच्या मुलाने टाकून दिली, नंबर मात्र यांचा. जाहिरात लागली की पहिले दोन दिवस फोन थांबत नाही. त्यातले बरेच फोन भाडेकरूंचे नसतातच. ‘काका, माझ्याकडे एक चांगली फॅमिली आहे’ म्हणणारे एजंट असतात, आणि मालकाने ‘एजंट नको’ असं स्पष्ट लिहिलं असलं तरी ते असतात. उरलेल्यांत वीसजण एकच वाक्य लिहितात, ‘फ्लॅट अव्हेलेबल आहे का’. काही संकेतस्थळांवर तर ‘मला रस आहे’ हे बटण दाबलं की ठरलेला मजकूर आपोआप जातो, त्यामुळे वीस निरोप अक्षरशः सारखेच. यातल्या कोणाला आधी उत्तर द्यायचं? काका संध्याकाळी चष्मा लावून निरोप उघडतात, वाचतात, आणि ‘उद्या बघू’ म्हणून फोन ठेवतात. निळ्या खुणा उमटतात त्या तेव्हा.

मग त्या न मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय? बहुतेक वेळा तो नकार नसतो. आधीचा भाडेकरू महिन्याच्या नोटिशीवर आहे आणि नक्की कधी निघणार ते त्याने सांगितलेलं नाही. किंवा घरात रंगाचं काम निघालंय. किंवा एकाला तोंडी होकार दिलाय, पण टोकनचे पैसे आलेले नाहीत, म्हणून बाकीच्यांना ना होय ना नाही. घर गेलं असेल तरी जाहिरात काढायची राहून जाते, कारण ती काढायला मुलाने केलेला पासवर्ड लागतो आणि मुलगा बंगळूरला. आणखी एक कारण आहे, ते कुणी मोठ्याने बोलत नाही. ‘घरात कोण राहणार, किती जण, कुठे नोकरी’ हे विचारायचं असतं, पण ते लिहून विचारणं अवघड वाटतं. म्हणून ज्या निरोपात ही माहिती आधीच असते त्याला उत्तर जातं आणि बाकीचे पडून राहतात.

म्हणजे तिच्या पहिल्या निरोपाची अडचण उद्धटपणाची नव्हती. त्याला उत्तर द्यायला मालकालाच कष्ट पडणार होते. ‘हो’ म्हटलं की पुढचे चार प्रश्न त्यांनीच विचारायचे.

दुसऱ्या निरोपात ही चूक भरून काढता येते. पण तिथे मराठीचा एक सापळा आहे. ‘मी गुरुवारी मेसेज केला होता, तुम्ही उत्तर दिलं नाहीत’ या वाक्यात खोटं काही नाही, तरी ते वाचताच समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ‘तुम्ही मेसेज बघितलेला दिसतोय’ हे तर त्याहून वाईट, कारण त्यात पाळतही आली. सरकारी कचेरीत ‘स्मरणपत्र क्रमांक २’ पाठवण्याची रीत आहे आणि त्याची भाषाही ठरलेली आहे, ‘तरी याबाबत तात्काळ अहवाल सादर करावा’. कचेरीला ती शोभते, कारण तिथे उत्तर देणं कर्तव्य असतं. घरमालकावर अनोळखी माणसाला उत्तर देण्याचं कसलंच बंधन नाही. तरीही ‘कृपया लवकरात लवकर कळवावे’ असं लिहिणारे बरेच भेटतात. नम्रपणाच्या भरात आपण कचेरीची भाषा उचलली, हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

मराठीत यातून सुटायची वाटही आहे. कर्ता काढून टाकायचा. ‘तुम्ही उत्तर दिलं नाहीत’च्या जागी ‘माझा मेसेज गर्दीत खाली गेला असेल’ म्हटलं की दोष गर्दीचा होतो. ‘सांगा’च्या जागी ‘सांगाल का’ आलं की आज्ञेची विनंती होते. ‘सवडीने’ हा एक शब्द घातला की समोरच्याच्या वेळेची जाण आहे असं दिसतं. मात्र ‘सवडीने’ लिहून खाली तीन प्रश्नचिन्हं ठोकली, तर सगळं मुसळ केरात.

संबोधनाचंही तसंच. पहिल्यांदा लिहिताना आडनाव माहीत असेल तर ‘नमस्कार, अमुक सर’ किंवा ‘अमुक मॅडम’ बरं. आडनाव माहीत नसेल तर नुसता ‘नमस्कार’ पुरतो. ‘काका’, ‘काकू’ हे प्रत्यक्ष बोलणं झाल्यावर, आवाज ऐकल्यावर. पंचेचाळिशीच्या बाईंना अनोळखी नंबरवरून ‘काकू’ म्हणणाऱ्याला कोथरूडमध्ये घर मिळणं कठीण.

आता तिच्या दुसऱ्या निरोपाकडे येऊ. तो कधी पाठवायचा हाही प्रश्न आहेच. गुरुवारी रात्री विचारलं आणि शुक्रवारी दुपारी पुन्हा टोचलं तर ती घाई झाली. पण भाड्याच्या घरांचा बाजार आठवडाभर थांबत नाही, म्हणून दोन ते तीन दिवस हे माप बरं. शनिवार-रविवारी मालक घर दाखवायला मोकळे असतात आणि म्हणून उत्तर देण्याच्या मनःस्थितीतही. वेळ सकाळी साडेदहा-अकराची. रात्री दहानंतर नको. आणि दुपारी एक ते चार तर नकोच. पुण्याची ही वेळ विनोदात बदनाम झाली असली तरी निवृत्त माणूस त्या वेळी खरोखर झोपलेला असतो.

रविवारी सकाळी पावणेअकराला तिने पाठवावा असा मजकूर साधारण असा. सुरुवातीला स्वतःचं पूर्ण नाव, आणि मग :

‘नमस्कार. कोथरूडच्या २४ हजार भाड्याच्या टू बीएचकेबद्दल गुरुवारी मेसेज केला होता, तो गर्दीत खाली गेला असेल म्हणून पुन्हा लिहिते. मी मूळची नाशिकची, हिंजवडीत नोकरी करते. मी आणि माझी मोठी बहीण अशा दोघी राहणार आहोत. १ तारखेपासून घर हवं आहे. जाहिरातीतलं भाडं आणि डिपॉझिट मान्य आहे. नोंदणीकृत करार आणि पोलिस पडताळणीसाठी लागणारी कागदपत्रं तयार आहेत. आज किंवा पुढच्या शनिवारी घर पाहता येईल का? घर दिलं गेलं असेल तर नुसतं “गेलं” लिहिलंत तरी चालेल.’

यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. ‘कोथरूडच्या २४ हजार भाड्याच्या’ हे शब्द आहेत कारण काकांचे फ्लॅट दोन असू शकतात, आणि जाहिरात दोन ठिकाणी असू शकते. कोण, किती जण, कुठे नोकरी या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढे ठेवली आहेत. भाडं मान्य आहे म्हटल्यामुळे घासाघीस होणार नाही हे कळतं. अर्थात खरोखर मान्य असेल तरच ते लिहावं. दारात उभं राहून ‘बावीस होतील का’ विचारणाऱ्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

कराराचं वाक्य नुसतं शोभेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. जाणत्या घरमालकाला ही टांगती तलवार ठाऊक असते. आता नोंदणी ऑनलाइन होते आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, पण आधार, पॅन, फोटो यांसाठी भाडेकरूच्या मागे लागण्याचा त्यांना कंटाळा असतो. ‘कागदपत्रं तयार आहेत’ या शब्दांनी तो जातो. खर्चही फार नाही. अकरा महिन्यांच्या अशा करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि बिनव्याजी डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने मानलेली रक्कम भाड्यात मिळवून ते काढतात. २४ हजार भाडं आणि ७५ हजार डिपॉझिटला ते सातशे रुपयांच्या आत-बाहेर येतं, शिवाय शहरी भागात नोंदणी शुल्क हजार रुपये. हा खर्च कोणी करायचा यावरून पुढे गोडीगुलाबीने बोलता येतं, दुसऱ्या निरोपात ते आणायची गरज नाही.

आणि शेवटचं ‘गेलं’. हे सगळ्यात उपयोगी. पुष्कळ माणसं उत्तर देत नाहीत कारण नकार देणं त्यांना जड जातं. ‘सॉरी, आम्ही दुसऱ्यांना शब्द दिला’ असं लिहायचं, मग पलीकडून ‘का हो?’ येणार, ही धास्ती. एका शब्दात सुटका मिळत असेल तर तेवढं बोट चालतं.

या निरोपासोबत काय जोडू नये हेही सांगायला हवं. आधार कार्डाचा फोटो नको, पगाराची स्लिपही नको. समोर मालकच आहे याची खात्री झालेली नाही.

रविवार संपला आणि तरी उत्तर आलं नाही, तर पुढची पायरी फोनची, आणि तीही एकदाच. मंगळवार-बुधवारी, सकाळी अकरा किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला साधा फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. त्या अ‍ॅपमध्ये २०२३ पासून अनोळखी नंबरचे कॉल वाजूच न देण्याची सोय आहे, आणि एजंटांना वैतागलेल्या मालकाने ती चालू केली असण्याची शक्यता मोठी. उचलला तर पहिल्या वाक्यातच ‘मी एजंट नाही, मला स्वतःला राहायला घर हवंय, दोन मिनिटं बोलू का?’ असं सांगावं. एजंट नसणं ही इथे खरी ओळख आहे. उचलला नाही तर लागोपाठ पाच मिस्ड कॉल ठेवू नयेत. ‘कोथरूडच्या घरासाठी मी आत्ता फोन केला होता, सोयीचं असेल तेव्हा मीच पुन्हा करेन’ एवढा निरोप पुरे.

फोन करण्याआधी जाहिरात पुन्हा एकदा नीट पाहावी. भाडं कमी केलंय का? तारीख नवी झालीय का? तसं असेल तर घर गेलेलं नाही आणि मालक जागा आहे. निरोपापुढे एकच खूण अनेक दिवस तशीच असेल तर गोष्ट वेगळी. निरोप पोचलेलाच नाही. फोन बंद असेल, किंवा नंबर वापरात नसेल. काही संकेतस्थळं मालकाचा खरा नंबर न देता मधला नंबर देतात, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. तिथे निरोपाची भाषा कितीही मऊ केली तरी उपयोग नाही, संकेतस्थळाच्या आतूनच लिहावं लागतं.

मालक परदेशात असण्याचीही शक्यता धरावी. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसांचे फ्लॅट पुण्यात कमी नाहीत. पुण्यात सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची रात्र असते, उन्हाळ्यात दहाची, हिवाळ्यात नऊची. अशा मालकाला संध्याकाळी साडेसात-आठला लिहिलं तर तो त्याच्या सकाळी, चहा घेताना वाचतो. मालक अनिवासी भारतीय आहे असं कळलं तर आणखी एक गोष्ट घर ठरवण्यापूर्वीच विचारून घ्यावी. अनिवासी मालकाला भाडं देताना प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि ते काम कोणाच्या मदतीने करायचं ते आधी ठरलेलं बरं.

सोसायटीच्या वॉचमनला ‘तो तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा आहे का हो?’ विचारण्यात काही गैर नाही. त्याला सगळं माहीत असतं, कधीकधी मालकाच्या आधी. पण मालकाचं घर शोधून दारात उभं राहणं, त्याच्या मुलाला फेसबुकवर गाठणं, शेजाऱ्याकडून निरोप धाडणं ही हद्द ओलांडणं झालं. घर मिळालंच तरी पुढची अकरा महिने त्याच माणसाशी गाठ आहे.

मौनाची एवढी चिकित्सा करताना त्याची उलट बाजू विसरून चालणार नाही. ज्या जाहिरातीला मिनिटात उत्तर येतं, तिथे अधिक सावध राहावं. बऱ्याच शहरांत चाललेली फसवणुकीची एक तऱ्हा अशी : ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, घर पाहायचं तर सोसायटीच्या गेट पाससाठी थोडे पैसे भरा, नंतर परत मिळतील.’ पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो येतो आणि क्यूआर कोडही. ‘हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील.’ पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि तिथे जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. कोथरूडच्या गप्प काकांनी निदान गेट पासचे पैसे तरी मागितले नाहीत.

बुधवारी तिने फोन केला. वाजून बंद झाला. निरोप टाकला, निळ्या खुणा आल्या. आता आठवडा होत आला आणि १ तारीख दहा दिवसांवर. इथे तिसरा निरोप जातो, आणि तो शेवटचा. त्यात गळ घालायची नाही, तारीख सांगायची :

‘नमस्कार. कोथरूडच्या घराबद्दल लिहिते आहे. शनिवारी मी आणखी दोन घरं पाहणार आहे आणि रविवारी संध्याकाळपर्यंत एक ठरवेन. त्याआधी आपलं घर पाहता आलं तर आवडेल. नाही जमलं तरी हरकत नाही, पुन्हा त्रास देणार नाही.’

हा निरोप धमकीसारखा वाटू नये यासाठी एकच अट आहे. त्यातली तारीख खरी असली पाहिजे. तिने शनिवारची दोन घरं खरोखर ठरवलेली हवीत, नाहीतर सोमवारी पुन्हा लिहायची वेळ येते आणि मग त्या ‘पुन्हा त्रास देणार नाही’ला काही किंमत उरत नाही. एकाच घरावर जीव जडवून बसणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं. गुलमोहराचा फोटो आठवत राहतो, दुसरी घरं पाहिलीच जात नाहीत, आणि निरोपांची भाषा दिवसेंदिवस काकुळतीला येते. ती काकुळत मालकाला दिसते आणि त्याला वाटतं, एवढी घाई का? आधीच्या घरातून काढलंय की काय?

शनिवारी तिने कर्वेनगरमधलं एक घर पाहिलं. पाणी दोन वेळा, पार्किंग नाही. दुसरं वारज्यात, बरं होतं, पण हायवेचा आवाज. रात्री अकराला फोन थरथरला. कोथरूडच्या नंबरावरून एकच शब्द आला होता : ‘गेलं.’ तिने लिहिलं, ‘कळवल्याबद्दल आभार.’ वहीतल्या यादीत तिसऱ्या ओळीवर काट मारली आणि वारज्याच्या मालकिणीला सकाळी साडेदहाचा फोन करायचं ठरवून गजर लावला. दोन मिनिटांनी फोन पुन्हा थरथरला. ‘बी विंगमध्ये माझ्या मेव्हण्यांचा आहे. १५ तारखेला रिकामा होईल. भाडं २६. दोघी बहिणीच ना?’